विषय : आमचे नाक

तक्रारीच्या ईमेलमध्ये विषयाच्या रकान्यात लोक सहसा ऑर्डरचा क्रमांक टाकतात. डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तिथे लिहिलं, ‘आमचे नाक, उजव्या गालावरील तीळ व इतर बाबी.’ खाली ‘संदर्भ’ होता, त्याखाली ‘महोदय’ होतं, आणि मग सुरू झालेलं पत्र शाखाधिकाऱ्याने विभागीय कार्यालयाला लिहावं तसं क्रमवार परिच्छेदांत वाहत गेलं होतं. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ हेही होतं. ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप केला त्याच्याकडेच लोभाची विनंती करण्याची सोय आपल्या पत्रलेखनात फार जुनी आहे.

प्रकरण एकसष्टीचं. या अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या काकांच्या, मुलाने वडिलांसाठी ऑनलाइन कार्टून चित्र मागवलं. छपाईसह फ्रेम, बारा बाय अठरा इंच, किंमत दीड हजाराच्या आसपास. या धंद्यात धड बहुतेक वेळा तयार असतं. डॉक्टरचं, क्रिकेटपटूचं, सिंहासनावरच्या राजाचं किंवा स्कूटरवरच्या नवरदेवाचं धड निवडायचं, फोटो पाठवायचा, की त्या धडावर आपलं डोकं बसून येतं. मुलाने स्कूटर निवडली, कारण बाबांनी पंचवीस वर्षं चेतक चालवली होती. फोटो त्याने संकेतस्थळावर मूळ आकारातच चढवला होता. हा तपशील पुढे कामाला आला.

पार्सल उघडलं तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते. स्कूटर सुरेख होती. स्कूटरवर साधारण चाळिशीचा, दाट केसांचा, सरळ नाकाचा, गुळगुळीत गालांचा एक गृहस्थ बसून हसत होता. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहेत हो. कोण आहेत?”

वास्तविक काकांच्या चेहऱ्यावर व्यंगचित्रकाराने हरखून जावं असा ऐवज आहे. नाक मधोमध उंचवटा घेऊन खाली उतरणारं, मिशी झुपकेदार, कपाळ टाळूपर्यंत गेलेलं, आणि उजव्या गालावर हरभऱ्याएवढा तीळ. शाळेतली पोरंसुद्धा वहीच्या शेवटच्या पानावर या चार गोष्टींत काका काढून दाखवतील. विकत घेतलेल्या चित्रात या चारही गोष्टी नव्हत्या. नाक घासून सरळ केलेलं, मिशी कातरलेली, टकलावर केस उगवलेले. तीळ तर फोटोवरचा डाग समजून कुणीतरी पुसून टाकला असावा.

इथे काकांची तक्रार वरवर वाटते तेवढी हळवी नाही, तिला चांगला आधार आहे. सुझन ब्रेनन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत असताना अर्कचित्रं काढणारा एक संगणकीय प्रोग्रॅम तयार केला होता. त्याची युक्ती सोपी होती. पुष्कळ चेहऱ्यांची सरासरी काढून एक मधला चेहरा घ्यायचा. ज्याचं चित्र काढायचं त्याचा चेहरा या मधल्या चेहऱ्यापासून जिथे जिथे वेगळा पडतो, तिथे तो फरक वाढवायचा. नाक सरासरीपेक्षा थोडं लांब असेल तर आणखी लांब, डोळे थोडे जवळ असतील तर आणखी जवळ. पुढे १९८७ साली ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या माणसांची अशी रेखाचित्रं लोकांना दाखवली. फरक वाढवलेली चित्रं हुबेहूब रेखाटनापेक्षा लवकर ओळखली गेली. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेत इंदिरा गांधींचं नाक वाढत गेलं, ते याच न्यायाने. नाक वाढवलं म्हणून त्या इंदिरा गांधी राहिल्या नाहीत असं कुणाला वाटलं नाही. उलट नाकाचं टोक दिसलं तरी पुरत असे.

काकांच्या चित्रकाराने हे यंत्र उलट दिशेने फिरवलं होतं. जिथे फरक होता तिथे तो कमी केला. परिणामी काका त्या मधल्या चेहऱ्याकडे सरकत सरकत अखेर त्यात विलीन झाले. विक्रेत्याच्या बाजूने बघायचं तर त्याचं गणितही चुकीचं नाही. नाक लहान केल्याची तक्रार करणारं गिऱ्हाईक विरळा. नाक मोठं केलं म्हणून पैसे परत मागणारी गिऱ्हाइकं मात्र रोजची असणार. त्यामुळे सगळ्यांनाच थोडं गोरं, थोडं तरुण आणि थोडं बिननाकाचं करून देणं धंद्याला सुरक्षित. फक्त मग एकाच्या घरी दुसऱ्याचं चित्र टांगलं तरी फार बिघडत नाही.

चेहऱ्यावरून कज्जा होणं नवं नाही. पण पूर्वी तो उलट बाजूने व्हायचा. पॅरिसमध्ये १८३१ साली शार्ल फिलिपाँ या संपादकावर खटला भरला गेला, कारण त्याच्या पत्रातल्या चित्रातला माणूस राजा लुई-फिलिपसारखा दिसत होता. फिलिपाँने बचावासाठी कोर्टातच चार चित्रं काढली. पहिल्यात राजा, चौथ्यात नासपती, आणि मधल्या दोन पायऱ्यांत एकाचं दुसरं होत जाणं. त्याचा सवाल असा की, साम्य हाच गुन्हा असेल तर नासपतीलाही शिक्षा करणार का? सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि दोन हजार फ्रँक दंड त्याला झालाच. पण फ्रान्समध्ये लुई-फिलिप त्यानंतर कायमचा नासपती झाला. राजाची तक्रार साम्याची होती, काकांची तक्रार साम्य नसल्याची. काकांना नासपती चालली असती, त्यांची स्वतःची असती तर.

एकसष्टीच्या दिवशी चित्र बैठकीच्या खोलीत टांगलं आणि तिथे दुसरा दोष उघड झाला. पाहुणे दारातून आत येत, चित्राकडे बघत, आणि कुणाचं आहे ते न कळल्यामुळे जवळ जात. जवळ गेले की चित्र धूसर होई. मग ते डोळे चोळत मागे येत. कुणी चष्मा पुसला, कुणी काकांना मोतीबिंदूच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. म्हणजे दोन दोष एकमेकांना हातभार लावत होते. चेहरा ओळखीचा असता तर कुणी जवळ गेलंच नसतं, आणि कुणी जवळ गेलं नसतं तर धूसरपणा कळला नसता.

पहिला ईमेल या साऱ्याच्या तापात लिहिला गेला. त्यात काकांच्या नाकाची वंशपरंपरा होती. आजोबांच्या नाकाचा उल्लेख होता, आणि त्या नाकामुळे चिपळूणच्या एका लग्नात झालेला घोटाळाही. धूसरपणाला अखेरच्या परिच्छेदात एक ओळ मिळाली होती : ‘शिवाय चित्र अस्पष्टही आहे.’ सोबत मोबाइलवर काढलेला चित्राचा एक फोटो.

उत्तर नम्र होतं. कार्टून ही कलात्मक मांडणी असते, त्यात तंतोतंत साम्याची हमी दिली जात नाही. छपाईपूर्वी नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि आपल्या मुलाने त्याला मंजुरी दिली होती. ग्राहकाच्या नावाने खास तयार केलेला माल परत घेतला जात नाही. अस्पष्टतेबद्दल म्हणायचं तर आपण पाठवलेला फोटोच अस्पष्ट आहे, त्यावरून काही सांगता येत नाही. आणि चित्र थोडं लांबून पाहावं.

मुलाने मंजुरी दिली होती, हे खरं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली धरून त्याने अंगठा दाखवला होता. फोनच्या पडद्यावर नमुन्यातला चेहरा जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्या आकारात स्कूटर दिसते, हसू दिसतं. तीळ नसल्याचं दिसत नाही.

काका हे उत्तर छापून स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडे गेले. हा माणूस लग्नपत्रिका, रबरी शिक्के आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. चेहरे फुटण्याच्या विषयात त्याचा अधिकार मोठा. पत्र वाचून त्याने पहिला सल्ला दिला, तो काकांना मुळीच आवडला नाही. “काका, नाक सोडा. नाकावर तुम्ही हरणार. अंगठा दाखवून झालाय. धूसरपणावर जिंकाल, कारण तो मोजता येतो.”

मग त्याने चित्राच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे ‘एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी अक्षरं होती, आणि त्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या स्वच्छ होत्या. चेहरा मात्र धुक्यात. एकाच कागदावर, एकाच यंत्रातून, एकाच शाईने छापलेल्या दोन गोष्टींपैकी एक धारदार आणि दुसरी फुटलेली असेल, तर यंत्र निर्दोष असतं. छपाईयंत्राचा दोष असता तर अक्षरंही डळमळली असती किंवा त्यांच्या कडेने रंगीत सावली आली असती. अक्षरं छपाईची फाइल जुळवताना नंतर टाकलेली असतात, त्यांच्या आकाराची फक्त आखणी साठवलेली असते, ती कितीही मोठी केली तरी कड सुटत नाही. चित्र मात्र ठिपक्यांचं असेल तर त्यात जेवढे ठिपके आहेत तेवढेच असतात. मोठं केलं की तेच ठिपके ताणले जातात आणि मधली जागा संगणक अंदाजाने भरतो.

“आता ठिपके मोजू,” डीटीपीवाला म्हणाला. मुलाकडून त्याने व्हॉट्सॲपवर आलेला नमुना मागवला आणि त्याचे तपशील उघडले. रुंदी १०६७ ठिपके, उंची १६००. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण एवढ्यावर आणून ठेवली जाते. मूळ आकार हवा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा लागतो. आता भिंतीवरचं चित्र अठरा इंच उंच. १६०० भागिले १८, म्हणजे इंचाला ८९ ठिपके. हाताच्या अंतरावरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरायची रीत आहे. त्या हिशेबाने या चित्राला ३६०० बाय ५४०० ठिपके हवे होते. दीडशेवरही पुष्कळ दुकानं भागवतात. ८९ म्हणजे फारच ओढाताण.

३०० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. चांगला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखतो. पुस्तक धरतो तेवढ्या एका फुटावरून हे अंतर मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याएवढं भरतं, आणि इंचात असे तीनशेच्या आसपास ठिपके मावतात. माणूस जसजसा मागे जातो तसतसे मोठे ठिपकेही एकमेकांत मिसळतात. चौकातला फ्लेक्स इंचाला ७२ किंवा त्याहूनही कमी ठिपक्यांवर निभावतो तो यामुळेच. दादा, भाऊ आणि साहेब रस्त्यापलीकडून तेजस्वी दिसतात. शिडी लावून जवळ गेलं तर गालांवर फरशी बसवलेली दिसेल.

याच हिशेबाने काकांचं चित्र किती लांबून स्वच्छ दिसेल, हेही निघालं. ८९ ठिपक्यांच्या चित्रात एक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित लहान. तो डोळ्याला वेगळा दिसेनासा होतो साधारण एक मीटरवर. तेव्हा ‘लांबून पाहावे’ हा ग्राहक सेवेचा सल्ला शास्त्राला धरून होता, हे कबूल करायला हवं. अडचण इतकीच की लांबून पाहिलं की तो गृहस्थ काका नाही हे स्पष्ट दिसत होतं.

शेवटचा पुरावा भिंगाखाली सापडला. काळ्या बाह्यरेषांच्या कडेने पांढऱ्या जागेत राखाडी कणांची भुरभुर होती. जेपेग प्रकारात चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडून दाबलं जातं. फोटोतल्या आकाशाला, गालांना त्याचं फारसं वाटत नाही. पण पांढऱ्यावर काळी ठळक रेष आली की त्या चौकोनात अशी घाण उडते. तंत्रज्ञ तिला डासांच्या नावाने ओळखतात, मॉस्किटो नॉइज म्हणतात. डोंबिवलीकराला हे नाव समजावून सांगावं लागलं नाही. फोनवरच्या नमुन्यात स्कूटरच्या आरशाभोवती जिथे डास होते, छापील चित्रातही नेमके तिथेच होते. याचा अर्थ एकच निघत होता. चित्रकाराने मूळ फाइल मोठ्या आकारात बनवली असेल किंवा नसेल. छापणाऱ्याने मात्र मंजुरीसाठी पाठवलेलं लहान चित्रच उचलून छापलं होतं.

फ्रेम मागून उघडली तेव्हा उरलासुरला संशयही गेला. माउंटच्या पट्टीखाली झाकलेल्या कडेला, फिकट तिरक्या अक्षरांत ‘सॅम्पल’मधलं ‘पल’ शिल्लक होतं.

दुसरा ईमेल डीटीपीवाल्याच्या दुकानात तयार झाला. आजोबांचं नाक गळलं, चिपळूण गळलं. ‘कळावे, लोभ असावा’ मात्र काकांनी गाळू दिलं नाही. विषयात ऑर्डरचा क्रमांक आणि ‘सदोष छपाई’ एवढंच. मजकुरात नमुन्याचे ठिपके, चित्राचा आकार, भागाकार आणि त्याचं उत्तर. पाठवलेला मूळ फोटो तीन हजार बाय चार हजार ठिपक्यांचा होता, तेव्हा दोष ग्राहकाने पुरवलेल्या फोटोचा नाही, ही नोंद. नमुन्याला मंजुरी दिली ती चित्राला, नमुन्याचीच फाइल छापायला नव्हे, हेही वाक्य. ते काकांचं स्वतःचं. बँकेत चाळीस वर्षं मंजुरी आणि वितरण यांतला फरक समजावून सांगितलेल्या माणसालाच ते सुचावं.

आणि फोटो. या वेळी चित्राच्या चेहऱ्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, खिडकीजवळ नेलं, फ्लॅश बंद केला, फोन डब्यावर टेकवला. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकेक मोजता येत होत्या आणि तिच्याच खाली चेहरा विरघळलेला होता. आता ‘आपला फोटोच अस्पष्ट आहे’ म्हणायची वाट बंद झाली. दुसरा फोटो शुभेच्छांच्या अक्षरांचा, तिसरा त्या ‘पल’चा.

शेवटी दोन ओळी कायद्याच्या. ई-कॉमर्ससाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही; ‘खास तयार केलेला माल परत नाही’ हा त्यांचा नियम मन बदललेल्या गिऱ्हाइकापुरता ठीक, फुटलेल्या छपाईला तो लागू पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क पडत नाही, हेही काकांनी सहज म्हणून कळवलं होतं. धमकी कुठेच नव्हती. अशी पत्रं वाचणाऱ्याला ती नसलेलीच जास्त बोचते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. छपाई विभागाकडून चुकीची फाइल निवडली गेली, दिलगीर आहोत, नवीन प्रत विनामूल्य पाठवत आहोत. आणि मानवतेच्या दृष्टिकोनातून, असं त्यांनी खरोखर लिहिलं होतं, चेहऱ्यात एक बदल विनाशुल्क करून देऊ. एकच.

घरात दोन दिवस यावर चर्चा झाली. मुलाचं मत नाकाला होतं. काकूंनी केस काढायला सुचवलं. मग स्वतःच म्हणाल्या, राहू द्या, बरे दिसतात. डीटीपीवाल्याने मिशी सुचवली, कारण ओळख पटवण्यात ती सगळ्यात स्वस्त. काकांनी तीळ मागितला. नाक बदललं तर चित्रकार पुन्हा काहीतरी स्वतःचं करील. तिळात चुकायला जागा नाही, असा त्यांचा विचार होता. त्यांनी कळवलं, ‘उजव्या गालावर तीळ असावा. आकार : हरभरा.’

नवं चित्र आलं. धारदार. स्कूटरच्या चाकाचा नटसुद्धा दिसत होता, आणि काकांना नसलेला केस अन् केस मोजता येत होता. तीळही होता, हरभऱ्याएवढा, काळाभोर. चित्राच्या उजव्या बाजूला, म्हणजे काकांच्या डाव्या गालावर.

काकांनी चष्मा लावला, लॅपटॉप उघडला आणि विषयाच्या रकान्यात लिहायला घेतलं : ‘उजवी बाजू कोणाची, याबाबत खुलासा.’